तुमच्या आधी लिंक कुणी दाबली?

एखाद्या वेबसाइटवर नवं खातं उघडलं की ती लगेच सांगते, ‘तुमच्या ईमेलवर एक लिंक पाठवली आहे. ती दाबून खातं चालू करा.’ बहुतेक वेळा मेल येतो, लिंक दाबली जाते आणि काम होतं. काही जणांच्या वाट्याला मात्र वेगळंच येतं. लिंक दाबली तर ‘ही लिंक अवैध आहे’ किंवा ‘या लिंकची मुदत संपली आहे’ असं उत्तर मिळतं, आणि मेल तर दोन मिनिटांपूर्वीच आलेला असतो. काहींना मेलच येत नाही. स्पॅमचं फोल्डर उलटंपालटं करून होतं, ‘पुन्हा पाठवा’ चारदा दाबून होतं, तरी खातं अर्धवटच. मग हेल्पलाइनवरून सल्ला येतो, ‘सर, ब्राउजर बदलून बघा.’ ब्राउजरचा बिचाऱ्याचा बहुधा काही संबंध नसतो. एक तर लिंक तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत बदललेली असते, नाही तर पत्ताच चुकीचा टाइप झालेला असतो.

या लिंकच्या पोटात काय असतं ते आधी बघू. तुम्ही फॉर्म भरलात की वेबसाइट एक लांबलचक, अंदाज न करता येणारी अक्षरमाळ तयार करते. तिला टोकन म्हणतात. हे टोकन तुमच्या अर्धवट खात्यापुढे नोंदवलं जातं, त्याला मुदत लावली जाते आणि तेच लिंकमध्ये घालून मेलने पाठवलं जातं. अशी लिंक साधारण अशी दिसते:

```
https://vachanalay.example/verify?token=41kQ9xW2mZ
```

लिंक उघडली की `token=` च्या पुढची अक्षरं वेबसाइटकडे परत जातात. ती नोंदीतल्या अक्षरांशी तंतोतंत जुळली तरच खातं चालू होतं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं, शेवटचं अक्षर गळलं, मोठ्या लिपीतलं अक्षर छोटं झालं, तर वेबसाइटच्या दृष्टीने ते टोकन कधी अस्तित्वातच नव्हतं. इथे ‘जवळपास बरोबर’ला काही किंमत नसते, कारण जवळपासचं चालवून घेतलं तर अंदाजाने टोकन शोधणाऱ्याचं काम सोपं होईल.

आता वाटेत काय होतं ते पाहू. ईमेलची यंत्रणा साध्या इंग्रजी अक्षरांसाठी आणि आखूड ओळींसाठी घडली. पुढे जगभरच्या लिप्या तिच्यातून पाठवायची वेळ आली, तेव्हा अक्षरं सुरक्षित नेण्यासाठी काही सांकेतिक पद्धती ठरवल्या गेल्या. त्यांपैकी एकीचं नाव ‘कोटेड प्रिंटेबल’. तिचे नियम १९९६च्या आरएफसी २०४५ या दस्तऐवजात आहेत. साध्या अक्षरांपलीकडचा कुठलाही बाइट `=` हे चिन्ह आणि त्यापुढे दोन सोळाअंकी अक्षरं, म्हणजे ० ते ९ आणि A ते F यांतली दोन, अशा रूपात लिहायचा. आपला ‘म’ या पद्धतीत `=E0=A4=AE` असा जातो, एका अक्षरासाठी नऊ चिन्हं. ओळ ७६ चिन्हांपेक्षा लांब असता कामा नये. लांब झालीच तर शेवटी `=` टाकून पुढच्या ओळीवर जायचं. आणि मुळात `=` हेच चिन्ह पाठवायचं असेल, तर ते `=3D` असं लिहायचं.

अडचण इथेच आहे. लिंकमध्येही `=` असतंच. नियम नीट पाळला तर पाठवताना `token=` चं `token=3D` होतं, तुमचं मेल अॅप ते उलगडून पुन्हा `token=` करतं आणि कुणाला काही कळतही नाही. पण वेबसाइट बनवणाऱ्याने मेलचा मजकूर हाताने जुळवला, डोक्यावर ‘हा मजकूर कोटेड प्रिंटेबलमध्ये आहे’ अशी पाटी लावली आणि प्रत्यक्षात मजकूर त्या पद्धतीत बदललाच नाही, तर? मेल अॅप पाटीवर विश्वास ठेवतं. त्याला `=41` दिसतं. या भाषेत ४१ म्हणजे ‘A’. ते इमानेइतबारे `=41` काढून तिथे `A` बसवतं आणि तुमच्या हाती पडतं ते असं:

```
https://vachanalay.example/verify?tokenAkQ9xW2mZ
```

वरवर बघता लिंक धडधाकट आहे. तिच्यातलं `=` गायब आहे, हे कुणाच्या लक्षात येणार? वेबसाइटला मात्र टोकन नावाची गोष्टच मिळत नाही.

या दोषाचा खरा त्रास असा की तो सगळ्यांना होत नाही. टोकनची पहिली दोन्ही अक्षरं सोळाअंकी असतील तरच घोटाळा होतो. `=kQ` सारखं काही आलं तर बहुतेक अॅप त्याला हात न लावता पुढे जातात. टोकन इंग्रजी मोठी अक्षरं, छोटी अक्षरं आणि अंक अशा ६२ चिन्हांतून बनत असेल, तर त्यांतली २२ चिन्हं धोक्याची असतात: दहा अंक, A ते F आणि a ते f. पहिली दोन्ही अक्षरं या २२ मधली निघण्याची शक्यता साधारण आठात एक. जे अॅप फक्त मोठी अक्षरं मानतं, तिथे ती पंधरात एक. म्हणजे वेबसाइट बनवणारा स्वतःच्या पत्त्यावर पाच वेळा चाचणी घेतो, पाचही वेळा लिंक चालते, आणि तो निर्धास्त होतो. तिकडे दर आठवा माणूस तक्रार करत असतो. त्याला ‘पुन्हा पाठवा’ दाबायला सांगितलं की नवं टोकन तयार होतं आणि बहुधा चालतं, कारण लागोपाठ दोनदा असं होण्याची शक्यता साठ-पासष्टात एकच. मग ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम होता’ म्हणून तक्रार बंद केली जाते. असे दोष वर्षानुवर्षं टिकतात ते याच कारणाने.

मराठी वेबसाइटवाल्यांनी इथे जास्त जपायला हवं. मेल निव्वळ इंग्रजीत होता तोवर अक्षरं बदलण्याची गरजच नव्हती, त्यामुळे चुकीची पाटी लावायचा प्रसंग आला नाही. मग कुणी तरी ‘नमस्कार, आपलं स्वागत आहे’ अशी सुरुवात केली आणि मराठी अक्षरं नीट जावीत म्हणून ती पाटी लावली. मराठी मजकूर कच्चाच गेला तरी बहुतेक अॅप तो तसाच पुढे जाऊ देतात, त्यामुळे पडद्यावर ‘नमस्कार’ सुंदर उमटतो. पाहणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. मोडलेलं असतं ते फक्त लिंकमधलं एक चिन्ह.

उलटाही प्रकार होतो. मेल नियमाप्रमाणे पाठवलेला असतो, पण तो पुढे ढकलणारी किंवा तक्रार-नोंदणीत चिकटवणारी एखादी यंत्रणा तो उलगडत नाही. अशा वेळी लिंकमध्ये `token=3D41kQ…` असं दिसतं, आणि अधल्यामधल्या ओळीच्या शेवटी एकटं `=` लोंबकळत असतं. `=` च्या पुढचं `3D` खोडलं, ओळीच्या टोकाचं `=` काढून दोन्ही ओळी जोडल्या, की लिंक चालू लागते. आपल्या मेलमध्ये नेमकं काय आलं हे पाहायचं असेल, तर जीमेलमध्ये संगणकावर मेल उघडून तीन टिंबांच्या यादीतलं `Show original` दाबा. मेल ज्या कच्च्या रूपात आला ते तिथे दिसतं. कोटेड प्रिंटेबलची पाटी आहे पण लिंकमध्ये `=3D` नाही, असं दिसलं तर चोर सापडला.

वेबसाइटवाल्याला इलाज सोपा आहे. मेल हाताने जुळवायचा नाही, त्यासाठी तयार लायब्ररी वापरायची. आणि टोकन प्रश्नचिन्हानंतर न देता `/verify/41kQ9xW2mZ` असं पत्त्याचाच भाग करून टाकायचं. लिंकमध्ये `=` नसेलच, तर खाणार काय?

लिंक मोडण्याच्या बाकीच्या तऱ्हा किरकोळ आहेत. वाक्याच्या शेवटी लिंक देऊन पुढे पूर्णविराम दिला, तर काही अॅप तो लिंकचाच भाग धरतात. टोकनमध्ये `+` असेल तर वेबसाइटपाशी पोचेपर्यंत त्याची मोकळी जागा होऊ शकते. लिंक वेगळ्या ओळीवर एकटी ठेवली आणि टोकनमध्ये साधी अक्षरं नि अंकच वापरले, की या भानगडी जवळजवळ संपतात.

दुसरा मोठा प्रकार याहून चमत्कारिक आहे, कारण त्यात लिंक मोडत नाही. ती व्यवस्थित चालते, फक्त तुमच्या आधी दुसऱ्याच कुणासाठी.

कॉलेज, बँक, कंपनी अशा ठिकाणच्या मेलवर हल्ली सुरक्षेचे पहारेकरी असतात. खोट्या लिंकांपासून कर्मचाऱ्यांना वाचवण्यासाठी ते येणाऱ्या मेलमधली प्रत्येक लिंक बदलून तिला स्वतःच्या पत्त्याचं वेष्टन घालतात. मायक्रोसॉफ्टच्या अशा सेवेचं नाव सेफ लिंक्स. तिच्यातून आलेली लिंक अशी दिसते:

```
https://apc01.safelinks.protection.outlook.com/?url=
https%3A%2F%2Fvachanalay.example%2Fverify%3Ftoken%3D41kQ9xW2mZ&data=...
```

इथे जागेसाठी ती दोन ओळींत मोडली आहे. `%3A` म्हणजे `:`, `%2F` म्हणजे `/`, `%3F` म्हणजे `?` आणि `%3D` म्हणजे `=`, एवढं माहीत असलं की मूळ लिंक आत दिसते. प्रूफपॉइंट या कंपनीच्या वेष्टनाच्या जुन्या आवृत्तीत `%` च्या जागी `-` आणि `/` च्या जागी `_` वापरलं जायचं, त्यामुळे टोकनमध्येच ही चिन्हं असली की हाताने उलगडणाऱ्याची फसगत ठरलेली. वेष्टन उलगडून देणाऱ्या वेबसाइटही इंटरनेटवर आहेत. खातं चालू करण्याची लिंक तिथे चिकटवू नका; टोकन परक्याच्या हातात देण्यासारखंच आहे ते.

वेष्टनाने सहसा बिघडत नाही. बिघडतं ते तपासणीने. लिंकच्या मागे काय आहे हे कळण्यासाठी काही पहारेकरी यंत्रं ती स्वतःच उघडून पाहतात, पुष्कळदा मेल तुमच्या इनबॉक्समध्ये दिसायच्याही आधी. लिंक एकदाच वापरता येणारी असेल, तर तो ‘एकदा’ तिथेच खर्च होतो. सोसायटीच्या वॉचमनने तुमचं रजिस्टर पाकीट सही करून घ्यावं, फोडून आत बॉम्ब नाही ना बघावं आणि मग तुमच्या दारात आणून ठेवावं, तसं हे झालं. पोस्टाच्या दप्तरी पाकीट पोचलं.

एक उदाहरण धरून चालू. एका वाचनालयाने ऑनलाइन सभासदत्व सुरू केलं. एका प्राध्यापिका बाईंनी कॉलेजच्या ईमेलवरून नोंदणी केली. अर्ध्या तासाने त्यांनी मेल पाहिला, लिंक दाबली, तर ‘लिंक आधीच वापरली गेली आहे’. वाचनालयाच्या सर्व्हरवरची नोंदवही उघडली, तर तिथे हे सापडलं:

```
10:14:02  mail sent
10:14:05  HEAD /verify/Qm7x...   198.51.100.23   200
10:14:06  GET  /verify/Qm7x...   198.51.100.23   200  token used
10:43:40  GET  /verify/Qm7x...   203.0.113.80    410  already used
```

मेल निघाल्यापासून चौथ्या सेकंदाला लिंक उघडली गेलेली आहे. इतक्या वेळात माणूस मेल उघडतही नाही, वाचणं दूरच. दुसरी खूण म्हणजे `HEAD`. ‘पान पाठवू नकोस, फक्त त्याचा मथळा सांग’ अशी ती विनंती असते. लिंक दाबली म्हणून ब्राउजर अशी विनंती करत नाही, त्यामुळे ती करणारं यंत्रच. तिसरी खूण आकड्यांत आहे: पहिल्या दोन ओळींतला आयपी पत्ता एक, बाईंचा वेगळा. पहिला पत्ता कुणाचा ते शोधलं की बहुधा एखाद्या डेटा सेंटरचं नाव निघतं.

आता ‘आधीच वापरली गेली’ याचा अर्थ काय घ्यायचा? इथे दोन शक्यता आहेत आणि त्यांतला फरक वापरणाऱ्याच्या कामाचा आहे. पहिल्या प्रकारात लिंक उघडताच खातं चालू होतं. म्हणजे पहारेकऱ्याने बाईंचं खातं कधीच चालू करून ठेवलंय. त्या उगीच चुकीच्या संदेशाकडे बघत बसल्यात. सरळ लॉगिन केलं तर आत जाता येईल. म्हणून असा संदेश दिसला की आधी लॉगिन करून बघावं. दुसऱ्या प्रकारात लिंक उघडल्यावर पासवर्ड ठरवायचं पान येतं आणि टोकन ते पान दाखवतानाच खर्ची पडतं. पहारेकऱ्याने पान पाहिलं, त्याला काही पासवर्ड ठरवायचा नव्हता, तो निघून गेला. बाईंसाठी टोकन उरलं नाही आणि पासवर्डही ठरला नाही. त्यांनी नवी लिंक मागवली, तर तीही चौथ्या सेकंदाला खर्च होणार. हे खातं कॉलेजच्या ईमेलवर कधीच चालू होणार नाही. त्याच बाईंनी घरच्या ईमेलवरून नोंदणी केली की ते चटकन होतं, आणि मग सगळे म्हणतात, कॉलेजच्या मेललाच काही तरी झालंय.

दोष कुणाचा? पहारेकऱ्याचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वेबच्या नियमांत `GET` म्हणजे ‘दाखव’ आणि `POST` म्हणजे ‘कर’, असा भेद फार पूर्वीपासून आहे. नुसतं पाहिल्याने कशातही बदल होऊ नये, हे आरएफसी २६१६ मध्ये १९९९ साली लिहून ठेवलेलं आहे. तरी वेबसाइट बनवणारे लिंक उघडण्यालाच ‘कर’ समजत आले. २००५ साली गूगलने ‘वेब अॅक्सिलरेटर’ नावाचं एक साधन काढलं होतं. पानावरच्या लिंका माणसाने दाबण्याआधीच ते गुपचूप उघडून ठेवायचं, म्हणजे पुढचं पान पटकन दिसावं. काही वेबसाइटवर ‘काढून टाका’ ही सुद्धा साधी लिंकच होती. त्या साधनाने तीही उघडली आणि लोकांची कामाची पानं पुसली गेली. बेसकँपसारख्या सेवेच्या वापरकर्त्यांनाही तेव्हा याचा फटका बसला. धडा तोच होता, पण ईमेलच्या जगात तो परत पहिल्यापासून शिकावा लागला. जाहिरातींच्या मेलमधली ‘सदस्यत्व रद्द करा’ ही लिंक स्पॅम तपासणारी यंत्रं आपणहून उघडायची आणि लोकांची नावं यादीतून उडायची. म्हणून २०१७ मध्ये आरएफसी ८०५८ आला: एका टिचकीत रद्द करायची सोय `POST`नेच चालली पाहिजे. २०२४पासून जीमेल आणि याहू घाऊक मेल पाठवणाऱ्यांकडून हीच सोय मागतात.

नोंदणीच्या लिंकलाही इलाज हाच. लिंक उघडल्यावर एक पान यावं, त्यावर ‘माझं खातं चालू करा’ असं बटण असावं आणि टोकन ते बटण दाबल्यावरच खर्च व्हावं. पहारेकरी पान पाहून जाईल, टोकन शाबूत राहील. एक पथ्य मात्र पाळायला हवं. माणसाची एक टिचकी वाचवावी म्हणून पान उघडताच बटण आपोआप दाबलं जाईल अशी चलाखी काही जण करतात. पण अनेक पहारेकरी पान नुसतं आणत नाहीत, खऱ्या ब्राउजरसारखं चालवूनही बघतात. मग ते आपोआपचं बटणही त्यांच्याच हातून दाबलं जातं.

उरला पत्ता. इथे दोष यंत्राचा नाही, बोटांचा आहे, आणि चुकलेल्या पत्त्याच्या तीन गती होतात. पहिली गती म्हणजे `gmail.con`. ‘कॉन’ नावाचं कुठलंही मुख्य डोमेन नाही. पाठवणारा सर्व्हर पत्ता शोधायला जातो, असं काही नाही हे त्याला तिथल्या तिथे कळतं. खरं तर फॉर्म भरतानाच हे सांगता येतं, पण बहुतेक फॉर्म फक्त `@` आहे ना आणि टिंब आहे ना एवढंच बघतात. दुसऱ्या गतीत डोमेन खरं असतं, त्यावर तो माणूस नसतो. समोरचा सर्व्हर `550 5.1.1` असा आकडा देऊन मेल परत पाठवतो. ‘या नावाचं इथे कुणी नाही’ हा त्याचा अर्थ. ही परत आलेली पत्रं वेबसाइटच्या कुठल्याशा खोक्यात साठत राहतात. ती वाचून ‘तुमचा पत्ता चुकलेला दिसतो’ असं पानावर दाखवणाऱ्या वेबसाइट मी फार थोड्या पाहिल्यात. तिसरी गती सगळ्यांत वाईट. चुकलेला पत्ता खरा असतो आणि दुसऱ्या कुणाचा तरी असतो.

असं किती सहज घडतं याचं मोठं उदाहरण अमेरिकी लष्कराचं आहे. त्यांचे पत्ते `.mil` ने संपतात. आफ्रिकेतल्या माली देशाचं डोमेन आहे `.ml`. मधला एक ‘आय’ राहिला की लष्कराचा मेल मालीकडे जातो. मालीचं डोमेन सांभाळणाऱ्या योहानेस झ्युरबियर या डच माणसाने असे चुकलेले मेल गोळा केले. ते लाखाच्या वर होते, आणि २०२३च्या जुलैमध्ये ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली. प्रशिक्षित, दक्ष लोकांची ही कथा.

आपल्याकडे या चुकीला एक खास वाट आहे. फॉर्म भरणारा आणि खातेदार पुष्कळदा वेगवेगळे असतात. सायबर कॅफेत किंवा महा ई-सेवा केंद्रात काका पत्ता तोंडी सांगतात, पलीकडचा मुलगा टाइप करतो. ‘वैशाली’च्या शेवटी एक ‘आय’ की दोन ‘ई’? ‘सुनील’मध्ये ‘आय’ की ‘डबल ई’? ‘शिंदे’चं ‘शेंडे’ व्हायला एका अक्षराची चूक पुरते. मराठी नावांची इंग्रजी स्पेलिंगं ज्याची त्याची असतात, आणि प्रत्येक स्पेलिंगवर कुणी तरी पत्ता घेऊन बसलेलं असतं. कागदावर लिहून दिलं तर शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ यांचा गोंधळ. पत्त्यात अंडरस्कोर असेल आणि पडद्यावर पत्त्याखाली रेघ आली, तर ती खालची आडवी रेघ नाहीशीच होते आणि लोक ती मोकळी जागा समजतात. ‘ईमेल पुन्हा टाका’ या दुसऱ्या रकान्याचाही फारसा उपयोग होत नाही, कारण माणूस पहिल्या रकान्यातलं कॉपी करून तिथे चिकटवतो, चुकीसकट.

पत्ता चुकला की खातं कसं अडकतं बघा. लॉगिन केलं तर ‘आधी ईमेलची खातरजमा करा’. ‘पुन्हा पाठवा’ दाबलं तर मेल त्याच चुकीच्या पत्त्यावर. नवी नोंदणी करावी तर ‘हा मोबाइल नंबर आधीच नोंदवलेला आहे’. पत्ता बदलायची सोय असते, पण आत, लॉगिननंतर. चारही बाजूंनी दारं बंद, आणि प्रत्येक दार आपापल्या जागी रास्त.

इथे दोन्ही दोष एकत्र आले की काय होतं, हे कुणी फारसं बोलत नाही. समजा काकांचा पत्ता एका अक्षराने चुकला आणि तो निघाला एखाद्या कंपनीतल्या परक्या माणसाचा. मेल त्याच्याकडे गेला. त्याने तो वाचलाही नाही. पण कंपनीच्या पहारेकऱ्याने चौथ्या सेकंदाला लिंक उघडली आणि खातं चालू झालं. वेबसाइटच्या दप्तरी आता त्या पत्त्याची खातरजमा झाली. पुढे काकांची सगळी पत्रं, पावत्या, सूचना त्या परक्याकडे जाणार. त्याने ‘पासवर्ड विसरलो’ दाबलं तर नवा पासवर्ड ठरवायची लिंकही त्याच्याकडेच येणार आणि काका स्वतःच्या खात्याबाहेर. ज्या खातरजमेसाठी हा सगळा खटाटोप केला, तिच्यात एकाही माणसाचा हात लागला नाही. लिंक उघडली गेली, एवढंच सिद्ध झालं.

म्हणून हल्ली अनेक ठिकाणी लिंकऐवजी सहा आकडी ओटीपी मेलने येतो. आपल्याला मोबाइलमुळे त्याची सवय आहेच. आकडे कुणी दाबत नाही, त्यांना कुणी वेष्टन घालत नाही, त्यांत `=` नसतं. शिवाय ज्या पानावर पत्ता टाइप केला त्याच पानावर आकडे भरायचे असल्याने, पत्ता देणारा आणि मेल वाचणारा एकच आहे हे आपोआप ठरतं. चुकीच्या पत्त्यावर ओटीपी गेला तर परक्याला तो भरायला पानच नसतं. आकडे थोडे असल्यामुळे मुदत मिनिटांची ठेवावी लागते आणि चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा घालावी लागते, पण तेवढं परवडतं.

पत्त्याची चूक मात्र ओटीपीनेही सुधारत नाही. काका तिथेही वाटच बघत बसणार. त्यासाठी वेबसाइटने करायचं काम निराळं आहे. ‘मेल पाठवला आहे’ असं म्हणताना तो कुठे पाठवला तो पत्ता तिथेच मोठ्या अक्षरांत दाखवायचा, आणि शेजारी ‘पत्ता चुकला? इथे बदला’ असं बटण द्यायचं, लॉगिनची अट न घालता, त्याच ब्राउजरमध्ये नोंदणी चालू असेपर्यंत. खातरजमा न झालेल्या खात्याने मोबाइल नंबर किंवा युजरनेम कायमचं अडवून ठेवू नये. ठरावीक दिवसांनी ते आपोआप पुसलं जावं, म्हणजे ज्याला पत्ता दुरुस्त करता आला नाही, त्याला निदान नव्याने नोंदणी करता येईल. आणि तुम्ही न केलेल्या नोंदणीचा मेल तुमच्याकडे आलाच, तर उत्सुकतेपोटी लिंक दाबून बघू नका. तिकडे कुणाचं तरी अडकलेलं खातं तुमच्या नावावर चालू होईल.